टीबीच्या गोळ्या आणि लघवीचा रिपोर्ट

हडपसरहून एक टेम्पोचालक आले होते, वय सेहेचाळीस. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत तीन एक्स-रे. ताप, खोकल्यातून रक्त, सात किलो वजन उतरलेलं, फुफ्फुसात दोन पोकळ्या. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी टीबीच्या गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले होते. त्यात मी कुणाला दोष देणार नाही. आपल्याकडे असा एक्स-रे पाहिला की पहिलं नाव टीबीचंच येतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं.

निघता निघता त्यांची बायको म्हणाली, "डॉक्टर, रोज सकाळी नाक शिंकरलं की रक्ताच्या खपल्या पडतात यांच्या. कानही वाहतो." हे सगळं टीबीच्या फाइलमध्ये कुठेच नव्हतं, कारण नाक-कान दुसऱ्या डॉक्टरांकडे होते. मी लघवी तपासायला सांगितली. प्रथिनं आणि भरपूर लाल पेशी. मूत्रपिंड मंदावलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन 2.4, दोन महिन्यांपूर्वी 1.1 होतं. नाक, फुफ्फुस आणि मूत्रपिंड एकाच वेळी बिघडली, की बारीक रक्तवाहिन्यांच्या दाहाचा, म्हणजे व्हॅस्क्युलायटिसचा संशय घ्यावा लागतो. आपल्याच प्रतिकारशक्तीने चवताळलेल्या पांढऱ्या पेशी त्या वाहिन्यांच्या भिंती जाळत असतात. मूत्रपिंड दुखत नाही. ते गुपचूप जातं.

या दाहात रक्तात सापडणाऱ्या प्रतिपिंडांची, म्हणजे अँकाची चाचणी पॉझिटिव्ह आली. पण तेवढ्यावर थांबू नये. टीबीत किंवा हृदयाच्या झडपेच्या संसर्गातही ती कधीकधी पॉझिटिव्ह येते. म्हणून दुर्बीण घालून फुफ्फुस धुतलं, ते पाणी टीबी, बुरशी, सगळ्यांसाठी तपासलं. मग मूत्रपिंडाचा तुकडा काढला. त्यात दाह स्पष्ट दिसला.

आता उपचार म्हणजे प्रतिकारशक्ती दाबायची. तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड, मग गोळ्या, सोबत रिटुक्सिमॅब. त्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी, कारण हे औषध झोपलेला विषाणू जागा करू शकतं. टीबीची औषधं बंद केली. त्यातलं रिफाम्पिसिन स्टेरॉइड लवकर संपवतं, हेही ध्यानात ठेवायला हवं. न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीपासून वाचवायला को-ट्रायमोक्साझोलची रोज एक छोटी गोळी दिली. आठवड्याभरात ताप गेला, महिन्यात क्रिएटिनिन 1.5 वर आलं.

चौथ्या महिन्यात ते पुन्हा आले. ताप, कोरडा खोकला, जिना चढताना धाप. एक्स-रे दोन्हीकडे धुरकट. सगळे म्हणाले, आजार उलटला, स्टेरॉइड वाढवा. मी आधी लघवी मागवली. आधीपेक्षा स्वच्छ. नाकही कोरडं नव्हतं, खपल्या नव्हत्या. मग विचारलं, "ती छोटी गोळी घेता ना?"

"ती? पोटात आग व्हायची हो. महिना झाला सोडून."

फुफ्फुस पुन्हा धुतलं. या वेळी न्यूमोसिस्टिस सापडला.