पेन्शनमधनं वसुलीचं पत्र आलंय? सही करायच्या आधी हे बघा

कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी फिरून झालं की जी रिटायर मंडळी कट्ट्यावर बसतात ना, त्यांच्यात एका पत्राचा विषय हमखास निघतो. सरकारी लिफाफा, आत एक पान, आणि त्यावर असं काहीतरी की आपणास सेवाकालावधीत अतिप्रदान झाल्याचे निदर्शनास आले असून सदर रक्कम आपल्या निवृत्तिवेतनातून वसूल करण्यात येईल. खाली आकडा. तो आकडा बघून माणूस हबकतो, दुसऱ्या दिवशी ऑफिसात जातो, आणि तिथं कोणीतरी म्हणतं "अण्णा सही करा हितं, हप्ते पाडून देतो". अण्णा सही करतात आणि तिथंच गाडी अडकते.

आज असं एकच प्रकरण धरून चालूया, समजायला सोपं जावं म्हणून आकडे आपणच घेतलेत. अण्णा एका सरकारी ऑफिसात वरिष्ठ लिपिक, म्हणजे ग्रुप क. ३० जून २०२३ ला ५८ पूर्ण, रिटायर. पेन्शन चालू झाली, ग्रॅच्युइटी मिळाली, सगळं सुरळीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये पत्र आलं. २०१२ साली आश्वासित प्रगती योजनेचा लाभ देताना पे फिक्सेशनमध्ये एक वेतनवाढ चुकून जास्त धरली, ती तशीच पुढं सातव्या आयोगातपण आली, म्हणून ११ वर्षांचे मिळून २ लाख १४ हजार जादा गेलेत, ते महिना ६ हजारानं कापणार. म्हणजे जवळपास तीन वर्षं दर महिन्याला पेन्शन ६ हजारानं कमी येणार, औषधपाणी, लाईटबिल सगळं उरलेल्यात भागवायचं.

आता पहिली गोष्ट नीट समजून घ्या, ही कपात नक्की कोण करतंय. बँक फक्त पैसे जमा करते, तिला काय विचारून उपयोग नाही. कोषागार, म्हणजे आपण ट्रेझरी म्हणतो ते, वरून आलेल्या आदेशाप्रमाणं रक्कम काढतं. आपल्याकडच्या पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचे आदेश, निघतात मुंबईच्या महालेखापाल कार्यालयातनं. आणि मूळ चूक कुणाची, तर ज्या ऑफिसातनं अण्णा रिटायर झाले त्यांची, फिक्सेशन त्यांनी केलं, सही कार्यालयप्रमुखाची. म्हणून उत्तर द्यायचं ते मूळ ऑफिसला आणि प्रत ट्रेझरीला आणि महालेखापालांना. बरेच जण नुसतंच ट्रेझरीत जाऊन भांडून येतात, तिथल्या माणसाच्या हातात खरंच काही नसतं.

बरं मग कायदा काय म्हणतो. १८ डिसेंबर २०१४ ला सुप्रीम कोर्टानं पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या केसमध्ये सांगितलं की ऑफिसच्या चुकीनं जादा पैसे गेले असले तरी काही परिस्थितीत वसुली करता येत नाही. पाच परिस्थिती दिल्यात, त्यातल्या तीन अण्णांना सरळ लागू होतात. एक, कर्मचारी ग्रुप क किंवा ड मधला असेल तर. दोन, तो रिटायर झालेला असेल किंवा वसुलीच्या आदेशापासून वर्षभरात रिटायर होणार असेल तर. तीन, जादा पैसे वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांपेक्षा जास्त काळ दिले गेले असतील तर. अण्णांना २०१२ पासून दिलेत आणि आदेश २०२५ चा, म्हणजे हेपण बसतं. उरलेल्या दोनात एक वरच्या पदाचं काम करवून घेतल्याबद्दल आहे आणि एक अशी की वसुली केली तर ती फारच अन्यायाची होईल. नंतर २ मे २०२२ ला थॉमस डॅनियल या केरळच्या शिक्षकाच्या केसमध्ये कोर्टानं परत तेच सांगितलं, कर्मचाऱ्यानं फसवणूक केली नाही, खोटी माहिती दिली नाही, तर रिटायर झाल्यावर वसुली नको.

पण इथंच लोक घाई करतात. रफिक मसीहचं नाव लिहिलं की जिंकलो असं नाही. ऑफिसकडं एक उत्तर तयार असतं, हमीपत्र. वेतन आयोगाचा विकल्प भरून देताना आपण सगळ्यांनी एका छापील कागदावर सही केलेली असते की फिक्सेशन चुकून जादा झालं तर मी परत करीन. जुलै २०१६ मध्ये जगदेव सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की अशी हमी दिली असेल तर माणूस तिला बांधील आहे, वसुली करता येते. ती केस एका न्यायिक अधिकाऱ्याची होती, ग्रुप क वाल्याची नव्हती, आणि हमी दिली होती ती सुधारित वेतनश्रेणी घेतानाच. हा फरक उत्तरात मांडायचाच. म्हणून अण्णांनी पहिल्यांदा बघायचं ते हे, की माझं हमीपत्र आहे का, असेल तर कुठल्या तारखेचं आणि कशाबद्दलचं. अण्णांची चूक २०१२ च्या प्रगती योजनेतली. हमीपत्र सातव्या आयोगाचं असेल तर २०१२ च्या फिक्सेशनला ते कसं लागू होतं हे ऑफिसनं सांगावं. आणि म्हणूनच आता, पत्र आल्यावर, हप्ते पाडून घ्या म्हणून कोण नवीन संमतीपत्र पुढं करत असेल तर त्यावर सही करायची नाही. चहा प्या, गोड बोला, पण सही नको.

अजून एक प्रामाणिक प्रश्न स्वतःला विचारायचा. अण्णा आस्थापनेवर होते का, स्वतःचं फिक्सेशन स्वतःच लिहून साहेबांपुढं ठेवलं होतं का? तसं असेल तर केस पातळ होते, कारण सगळा आधार या एका गोष्टीवर आहे की चूक माझी नव्हती आणि मला माहीतपण नव्हती.

आता तो तक्ता. पत्रात नुसता एक आकडा असेल तर महिनावार तक्ता मागा, आणि घरी कोण हिशोबाचं असेल, नातू असेल, त्याला बसवून पगारपत्रकाशी ताडून बघा. चुका कुठं असतात सांगतो. बिनपगारी किंवा अर्धपगारी रजेचे महिने, त्यातपण पूर्ण फरक धरलेला असतो. महागाई भत्त्याचा दर वर्षातनं दोनदा बदलतो, तक्त्यात एकच दर ओढत नेलेला असतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, सातवा आयोग लागू धरला १ जानेवारी २०१६ पासून पण पगार प्रत्यक्षात मिळायला लागला २०१९ मध्ये, मधल्या तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यात द्यायची होती. अण्णांना त्यातले काही हप्ते मिळालेच नसतील तर जे हातात आलंच नाही ते जादा कसं काय झालं? तक्ता करणारा माणूस बऱ्याचदा २०१६ पासून सरसकट सगळं दिलं असं धरून चालतो. अण्णांनी नुसतं एवढं एक काढलं तरी आकडा बराच खाली येऊ शकतो, आणि तक्ता चुकीचा आहे म्हटल्यावर ऑफिसला परत बसावं लागतं.

उत्तर एक-दीड पानाचंच लिहा, साध्या भाषेत. माझं वेतन कार्यालयानं निश्चित केलं, मी कोणतीही माहिती लपवली नाही, मी ग्रुप क मधून अमुक तारखेला निवृत्त झालोय, वसुलीचा आदेश निवृत्तीनंतरचा आहे, कालावधी पाच वर्षांपेक्षा जास्त आहे, म्हणून रफिक मसीह निर्णयाप्रमाणं वसुली करू नये आणि निर्णय होईपर्यंत कपात चालू करू नये. त्याखाली मागणी करा: २०१२ चा फिक्सेशनचा आदेश, सर्व्हिस बुकच्या त्या पानाची नक्कल, ऑडिटचा किंवा पडताळणीचा शेरा, तक्ता, आणि माझ्या नावाचं हमीपत्र असेल तर त्याची प्रत. हे पत्र आवकला देऊन स्थळप्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, नाहीतर स्पीड पोस्टानं पाठवा. नुसतं साहेबांना भेटून आलो, साहेब बघतो म्हणाले, याला पुढं काडीचाही अर्थ राहत नाही. कागद देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज, त्याला १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा, ३० दिवसात उत्तर द्यावं लागतं.

नोटीस न देताच कपात चालू केली असेल तर? महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम १९८२ मध्ये १३४-अ हा नियम आहे, सरकार वसुलीसाठी त्याचाच आधार घेतं. पण त्याच नियमात लिहिलंय की वसूल का करू नये हे सांगायची पेन्शनरला वाजवी संधी द्यायची, आणि हप्ते असे पाडायचे की पेन्शन ठरवून दिलेल्या किमान रकमेच्या खाली जाणार नाही. म्हणजे तोंड उघडायची संधी न देता केलेली कपात त्यांच्याच नियमाविरुद्ध आहे, हे उत्तरात पहिल्या ओळीत लिहा.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. मागचं वसूल करणं आणि पुढची पेन्शन दुरुस्त करणं हे दोन वेगळे विषय आहेत. वेतनवाढ खरंच चुकीची होती, समजा १,४०० रुपयांची, तर अण्णांची मूळ पेन्शन त्याच्या निम्म्यानं, म्हणजे ७०० रुपयांनी, पुढं कमी होऊ शकते आणि ती कोर्टातपण वाचेल याची खात्री नाही. रफिक मसीह वसुलीपासून वाचवतो, चुकीचं फिक्सेशन कायम करून देत नाही.

आणि पगार नाही तर पेन्शनच जादा आली असेल, उदाहरणार्थ अंशराशीकरणाचे पैसे एकरकमी उचललेत आणि ट्रेझरीनं तेवढी कपात करायची विसरली, तर तिथं बाजू कमकुवत असते, कारण पीपीओवर कपातीचा आकडा छापलेला असतो आणि तो आपल्या हातात होता. मयत पेन्शनरच्या खात्यात पुढं पैसे येत राहिले आणि घरच्यांनी काढले, ते तर परतच करावे लागतात. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा तक्ता तपासून घ्या, छोटे हप्ते मागा.

उत्तर देऊनही काहीच हललं नाही तर सरकारी कर्मचाऱ्याला मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, अण्णांसाठी मुंबईचं. अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत असते, निवेदनाला सहा महिने उत्तरच आलं नाही तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. अर्जावर अर्ज देत बसलं म्हणून मुदत वाढत नाही, यात बरीच माणसं अडकलीत. जिल्हा परिषदेचे कर्मचारी आणि अनुदानित शाळांचे शिक्षक मॅटमध्ये जात नाहीत, त्यांना हायकोर्ट, आणि त्यासाठी आता मुंबईची एसटी धरायला नको. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्या सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालंय. वकिलांना पहिल्याच दिवशी सांगा, अंतरिम स्थगिती मागा, आणि आत्तापर्यंत कापलेली रक्कम परत मिळावी ही मागणी वेगळी लिहून घ्या, कारण ती अर्जात नसेल तर पुढची कपात थांबते पण कापलेले पैसे तसेच तिकडं राहतात. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, फॅमिली पेन्शन घेणाऱ्या मावशी-काकूंना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, कायद्यात महिलांसाठी तशी तरतूदच आहे.