एका लाल रेषेच्या तीन रेषा

पडद्यावरची ही लाल वलयं कॅडमियमच्या दिव्याची. दिवा विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये बसवलाय. बाकीचे रंग फिल्टरने अडवले, उरली एकच वर्णरेषा: 643.8 नॅनोमीटर. तिचा प्रकाश फाब्री-पेरो इटॅलॉनमधून, म्हणजे अगदी समांतर ठेवलेल्या दोन अर्धपारदर्शक आरशांमधून, येतोय. म्हणून ही एकात एक वलयं.

आता प्रवाह वाढवतोय. वलय आधी जाड होतं, मग पसरट... आणि हे पाहा, एकाची तीन झाली. लायडनमध्ये 1896 साली पीटर झीमन यांना सोडियमच्या रेषा चुंबकात फक्त रुंद झालेल्या दिसल्या होत्या. इथे तिन्ही घटक वेगळे मोजता येतात.

अणूत काय होतं? इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर येतो, तेव्हा हा लाल प्रकाश निघतो. चुंबकीय क्षेत्रात वरच्या पातळीच्या पाच होतात, खालचीच्या तीन. त्यांत उतरण्याच्या मोकळ्या वाटा नऊच. पण दोन्हीकडे पायऱ्यांची उंची सारखीच, त्यामुळे ऊर्जा तीनच निघतात. मधली जुनीच, एक थोडी जास्त, एक तेवढीच कमी.

आता समोर पोलरॉइड धरला, म्हणजे एकाच दिशेत कंपणारा प्रकाश पुढे सोडणारा फिल्टर. तो नव्वद अंशांनी फिरवताच मधलं वलय नाहीसं झालं, कडेची दोन राहिली. मधल्या घटकाचं कंपन क्षेत्राच्या दिशेत असतं आणि कडेच्यांचं त्याला काटकोनात. आपण क्षेत्राला आडवे उभे राहून बघतोय, म्हणून हे इतकं स्वच्छ दिसतं.

किती सरकली ऊर्जा? सरक म्हणजे बोर मॅग्नेटॉन, हा अणूच्या चुंबकत्वाचा ठरावीक स्थिरांक, गुणिले क्षेत्र. क्षेत्र अर्धा टेस्ला असेल, तर सुमारे 0.000029 इलेक्ट्रॉनव्होल्ट. लाल फोटॉनची स्वतःची ऊर्जा 1.93 इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे फरक साधारण सहासष्ट हजारांत एक. तो थेट वाचता येत नाही. वलयांच्या त्रिज्यांचे वर्ग घ्यायचे, कारण ते ऊर्जेच्या प्रमाणात बदलतात. आरशांत 3 मिलिमीटर अंतर असेल, तर शेजारच्या दोन वलयांमधला टप्पा 0.000207 इलेक्ट्रॉनव्होल्टचा. त्या टप्प्याच्या 14 टक्के सरक दिसली, की हिशेब जुळला.

चूक होते ती बहुतेक क्षेत्र मोजण्यात. मीटरवरचा प्रवाह म्हणजे क्षेत्र नव्हे. लोखंडी गाभ्यात चुंबकत्व शिल्लक राहतं, म्हणून प्रवाह वाढवताना आणि उतरवताना घेतलेले बिंदू एका रेषेवर बसत नाहीत. असा आलेख दिसला, की दिवा काढायचा, त्याच जागी गाउसमीटरची सळई धरायची आणि प्रत्येक प्रवाहाला क्षेत्र नव्याने मोजायचं. विद्यार्थ्यांनी ही पायरी कधीच गाळू नये. उत्तराचा खरेपणा तिच्यावरच उभा आहे.

हीच फूट खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज हेल यांनी 1908 साली सूर्यडागांच्या प्रकाशात पाहिली आणि डागांतलं क्षेत्र हजारो गाउसचं निघालं; दहा हजार गाउस म्हणजे एक टेस्ला.