पाच एकरांचा बाप आणि शिलाई मशीनची आई

श्रोतेहो, नमस्कार. पोटगी आणि मुलाचा ताबा या दोन गोष्टी आपल्याकडे वेगवेगळ्या भांडणांसारख्या लढल्या जातात. न्यायालयात मात्र त्या एकमेकींना येऊन भिडतात. त्या कशा भिडतात, ते एका घराच्या हकिकतीतून सांगते. अशा बऱ्याच प्रकरणांतून जुळवलेली ही हकिकत आहे, म्हणून नावं घेत नाही.

धारूर तालुक्यातलं घर. पाच एकर जमीन, त्यातली दोन एकर विहिरीवर भिजणारी, बाकीची कोरडवाहू. नवऱ्याचा ट्रॅक्टर. दिवाळी झाली की तो ऊस वाहायला कारखान्यावर जातो आणि गाळप संपल्यावर, उन्हं तापली की परततो. बायको मारझोडीला कंटाळून सात वर्षांच्या मुलाला घेऊन केज तालुक्यात माहेरी आली. तिथे ती ब्लाउज शिवते. गावातल्या चार लोकांनी बसून स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहिली आणि त्यात एक ओळ घातली, 'मुलगा आईकडे राहील, पोटगी मागणार नाही.' दोघांनी अंगठे उठवले.

तो कागद लेकराला बांधत नाही. पोटगी हा मुलाचा स्वतःचा हक्क आहे आणि आईला तो सोडून देता येत नाही. स्टॅम्पपेपरवरच्या असल्या सोडचिठ्ठ्या लिहून देणं बंदच व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. शंभरातल्या नव्वद बाया तो कागद पाहून घरी बसतात.

ही बाई घरी बसली नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे आपलं जुनं १२५, त्याखाली तिने पोटगीचा अर्ज केला. हे कलम सगळ्या धर्मांना लागू आहे, आणि बाई राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो. तिला धारूरला जावं लागलं नाही, केजलाच काम झालं.

नवऱ्याने उत्तर दिलं, 'मी मजूर माणूस, महिन्याला आठ हजार मिळतात, त्यात ट्रॅक्टरचा हप्ता.' इथे २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल कामी आला. त्या निकालापासून दोघांनाही मिळकतीचं शपथपत्र द्यावंच लागतं, आणि शेतकऱ्यांसाठी त्याचा नमुना वेगळा आहे. जमीन किती, भिजणारी की कोरडवाहू, पीक कोणतं, मागच्या तीन वर्षांत उत्पन्न किती, जनावरं किती, असं सगळं त्यात भरायचं असतं. 'शेती करतो' एवढं लिहून सुटका नाही.

बाईच्या वकिलांनी तीन कागद जोडले. सातबारा, ट्रॅक्टरचं नोंदणीपत्र आणि कारखान्याशी झालेल्या वाहतूक कराराची प्रत. मग मजूर हा शब्द टिकला नाही. हप्त्याबद्दल न्यायालयांचा कल असा असतो की हप्ता फेडून माणूस स्वतःची मालमत्ता उभी करतो, तेव्हा लेकराचं पोट त्याच्या मागे ढकलता येत नाही. अंतरिम आदेश झाला, बायकोला चार हजार, मुलाला साडेतीन हजार. आणि तोही अर्जाच्या तारखेपासून. अर्ज करून आठ महिने झाले होते, म्हणजे साडेसात हजारांच्या हिशेबाने साठ हजार मागचे निघाले. तारीख लांबवली की देणं कमी होतं, हा समज इथे मोडतो.

   

आता नवऱ्याने दुसरा डाव टाकला. जिल्हा न्यायालयात मुलाच्या ताब्याचा अर्ज दिला. म्हणणं असं, की माझं पक्कं घर आहे, जमीन आहे, ही भाड्याच्या खोलीत राहते, हिला मुलगा पोसवत नाही. शिवाय १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून पहिलं नाव बापाचंच आहे. ते खरं आहे. पण त्याच कायद्याचं कलम १३ सांगतं की मुलाचं हित सर्वांत वर. मुसलमान, ख्रिस्ती घरांसाठी १८९० चा पालक आणि पाल्य कायदा आहे, तिथेही न्यायाधीश शेवटी हितच पाहतात.

हित म्हणजे एकर नव्हेत. न्यायाधीशांनी बापाला विचारलं, 'कार्तिकापासून होळीपर्यंत याला शाळेत कोण सोडणार?' तो म्हणाला, 'माझी आई.' आजीला गुडघ्यांमुळे उंबरा ओलांडता येत नव्हता. आईच्या बाजूने शाळेचं हजेरीपत्रक आलं, लसीकरणाचं कार्ड आलं, दवाखान्याच्या चिठ्ठ्या आल्या. सगळीकडे मुलाला नेणारी तीच.

मग न्यायाधीशांनी मुलाला चेंबरमध्ये एकट्याला घेतलं. आई-बाप बाहेर. मुलगा आत जाताच म्हणाला, 'माझी आई माझं पालनपोषण करण्यास असमर्थ आहे.' सात वर्षांचं लेकरू असं बोलत नाही. मधल्या भेटीत ते कुणीतरी पाठ करून घेतलं होतं. न्यायाधीशांनी त्यावर एक शब्द काढला नाही. दप्तर कोण भरतं, रात्री भीती वाटली की कुणाला हाक मारतोस, बाबा आले की काय करता, एवढंच विचारलं. पोरगं खुललं. आईला हाक मारतो म्हणाला, आणि बाबांच्या ट्रॅक्टरवर बसायला आवडतं, हेही म्हणाला.

निकालात ती दोन्ही उत्तरं उतरली. ताबा आईकडे. आईची मिळकत कमी आहे, तर ती भरून काढायलाच बापाची पोटगी आहे. गरिबी हे लेकरू हिरावून घेण्याचं कारण होत नाही. पुन्हा सांगते, आईची गरिबी हे ताबा नाकारण्याचं कारण होत नाही. बापाला उन्हाळी सुट्टीचे पंधरा दिवस मिळाले, कारण तेव्हा गाळप संपलेलं असतं आणि तो खरोखर घरी असतो. दिवाळीचे दोन दिवस आणि हंगाम नसताना महिन्यातले दोन रविवार. मूल द्यायचं-घ्यायचं ते केजच्या बसस्थानकावर, कुणाच्या दारात नाही.

यानंतर घोळ होतो तो इथे. बापाने पोटगीचा हप्ता थकवला की आई म्हणते, भेट बंद. आईने भेट चुकवली की बाप म्हणतो, पैसे बंद. दोन्ही चूक. भेट मुलाची आहे आणि पैसेही मुलाचेच आहेत. पैसे थकले तर वसुलीचा अर्ज करायचा, भेट अडली तर ताब्याच्या न्यायालयात जायचं.

वसुलीच्या अर्जाला मुदत आहे. हप्ता देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज हवा, वर्षापलीकडच्या रकमेसाठी या कलमाखाली वॉरंट निघत नाही. थकलेल्या दर महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. तुरुंगात जाऊन आला म्हणून देणं फिटत नाही, ते उभंच राहतं. म्हणून हप्ता हातात घेऊ नका, बँकेत घ्या, आणि दर सहा महिन्यांनी पासबुक भरून आणा. कोणता महिना राहिला ते त्या पानावरच दिसतं.