पासबुकात न दिसणारा आकडा

डिव्हिडंडचं वॉरंट हातात आलं की आपली नजर थेट निव्वळ रकमेवर जाते, कारण खात्यात तेवढेच पैसे येतात. आता तर कागदी वॉरंटही क्वचितच दिसतं. पैसे परस्पर जमा होतात आणि तपशील ईमेलनं येतो. बरेच जण तो उघडतसुद्धा नाहीत. पासबुकातला आकडा उचलून उत्पन्नात लिहितात आणि तिथेच फसतात.

एक उदाहरण घेऊ. तुमच्याकडे एका कंपनीचे 1,200 शेअर आहेत आणि डिव्हिडंड शेअरमागे 10 रुपये. उत्पन्न झालं 12,000. त्यावर 10 टक्के, म्हणजे 1,200 रुपये टीडीएस कापला आणि खात्यात आले 10,800. वहीत बँक नावे 10,800, टीडीएस नावे 1,200, डिव्हिडंड जमा 12,000. कापलेले 1,200 हा खर्च नव्हे. तो तुमच्या नावानं सरकारकडे आधीच भरलेला कर आहे.

वॉरंट हरवलं तर लोक पासबुकावरून उलटा हिशेब करतात, आणि 10,800 वर 10 टक्के चढवून 11,880 लिहितात. चूक! कर एकूण रकमेवर कापलेला असतो, म्हणून 10,800 ला 0.9 नं भागायचं. 11,880 ला 1,200 शेअरनी भागलंत तर शेअरमागे 9 रुपये 90 पैसे येतात. जाहीर झालेला दर 10 रुपये, म्हणजे गडबड लगेच कळते.

पण हा उलटा हिशेबही दर वेळी चालत नाही. समजा, तेच 12,000 दोन हप्त्यांत आले: आधी अंतरिम 6 रुपयांनी 7,200, मग अंतिम 4 रुपयांनी 4,800. एप्रिल 2025 पासून एका कंपनीकडून वर्षाला 10,000 रुपयांपर्यंतच्या डिव्हिडंडवर टीडीएस नाही, त्यामुळे पहिला हप्ता पुरता आला. दुसऱ्या वेळी वर्षाची बेरीज मर्यादेपलीकडे गेली आणि कंपनीनं सगळ्या 12,000 वरचा कर त्याच हप्त्यातून कापला. हातात आले 3,600. 0.9 नं भागलंत तर 4,000 येतात. खरं उत्पन्न 4,800. पासबुकाला यातलं काही ठाऊक नसतं, वॉरंटला असतं. (पॅन नोंदवलेला नसेल तर कपात 20 टक्के होते. तो भाजक तर आणखीच वेगळा.)

व्याजाच्या वॉरंटचीही नोंद अशीच: एकूण, कापलेला कर, निव्वळ. तिथे मुदत मात्र वाचा. वॉरंट जानेवारी ते जूनचं असेल आणि तुम्ही उपार्जित पद्धतीनं वही ठेवत असाल, तर मार्चअखेरपर्यंतचं व्याज आधीच्या वर्षात गेलेलं असतं. ते पुन्हा जमा धरू नका.

शेवटी टीडीएसची बेरीज आयकर खात्याच्या 26AS या पत्रकाशी ताडून बघा. वॉरंटवर कपात आहे पण तिथे दिसत नाही, तर वॉरंट जपून ठेवून कंपनीच्या रजिस्ट्रारला लिहा. बहुतेकदा पॅनमधलं एखादं अक्षर चुकलेलं निघतं.