एकच तास, एकच जोडी, दोन दर

[पडद्यावर: शेजारी शेजारी उघडलेली दोन संकेतस्थळं. युरो आणि रुपया.]

बुधवार, १५ जानेवारी २०२५. पुण्यात संध्याकाळचे सात वाजलेत. शिकायला जर्मनीला निघालेल्या मुलीच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरायचे आहेत. विद्यार्थी व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची ही ठरलेली रक्कम. रुपये किती लागतील याचा अंदाज घ्यायला घरच्यांनी दोन संकेतस्थळं उघडली. समजा, एकावर युरो ८९ रुपये ५ पैसे दिसतोय आणि दुसऱ्यावर ८८ रुपये ७० पैसे. फरक पस्तीस पैशांचा, पण पूर्ण रकमेवर तो ४,१६६ रुपयांचा होतो. दोन्ही पानांवर वेळ मात्र एकच छापलेली आहे: संध्याकाळी ७:००.

हे दोन्ही आकडे खरे असू शकतात. ते एकाच वेळचे नाहीत, एवढंच.

पडद्यावरच्या कुठल्याही दरामागे तीन वेगवेगळ्या वेळा असतात. दर बाजारात मोजला कधी, जाहीर झाला कधी, आणि तुमच्या फोनवर पान उघडलं कधी. बऱ्याच पानांवर ठळक दिसते ती तिसरी वेळ. पैसे भरणाऱ्याला गरज असते पहिलीची.

आपल्या दोन संकेतस्थळांपैकी पहिलं चालू बाजारातले भाव घेतं. बँका एकमेकींना जे भाव देतात, त्यातल्या खरेदी आणि विक्रीच्या भावांचा मध्य ते दाखवतं. तो दर सेकंदासेकंदाला हलतो आणि सात वाजता दिसलेला आकडा साधारण सातचाच असतो.

दुसऱ्या संकेतस्थळाचा दर येतो फ्रँकफर्टहून, युरोपियन सेंट्रल बँकेकडून. ही बँक कामाच्या प्रत्येक दिवशी युरोचे संदर्भ दर देते. ते विनामूल्य मिळतात, त्यांत रुपयाही असतो, म्हणून कितीतरी कॅल्क्युलेटर आणि ॲप त्यांच्यावरच चालतात. पण हे दर दिवसातून एकदाच ठरतात, फ्रँकफर्टच्या घड्याळात दुपारी २ वाजून १० मिनिटांच्या सुमारास. आणि जाहीर होतात चारच्या आसपास. २०१६च्या जुलैपर्यंत ते ठरल्यावर लवकरच जाहीर होत. नंतर बँकेने मुद्दाम अंतर वाढवलं, कारण हे दर माहितीसाठी आहेत, त्यांच्यावर सौदे होऊ नयेत, अशी तिची भूमिका आहे.

[पडद्यावर: पुणे आणि फ्रँकफर्टची घड्याळं.]

आता ही घड्याळं जुळवू. जानेवारीत फ्रँकफर्ट आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. म्हणजे तिथला दर ठरतो आपल्या संध्याकाळी ६:४०ला आणि हाती येतो रात्री साडेआठला. सात वाजता बुधवारचा दर ठरून वीस मिनिटं झालेली आहेत, पण तो अजून बाहेर आलेला नाही. पानावर आहे तो मंगळवारी ६:४०ला ठरलेला दर, चोवीस तास वीस मिनिटं जुना. तेवढ्या वेळात बाजार पस्तीस पैसे सरकणं यात नवल काहीच नाही. साडेनऊला हेच पान पुन्हा उघडलं, तर बहुधा नवा दर दिसेल आणि फरक बदललेला असेल.

मुंबईचा अधिकृत संदर्भ दर आणखी वेगळ्या वेळेचा असतो. २०१८च्या जुलैपर्यंत तो रिझर्व्ह बँक देत असे, आता फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था देते. सकाळी साडेअकरा ते दुपारी साडेबारा या तासातली कोणतीही पंधरा मिनिटं निवडून, त्यांत बाजारात झालेल्या डॉलर-रुपयाच्या सौद्यांवरून दर काढतात. निवड आधी कळत नाही, त्यामुळे नेमक्या वेळी मोठे सौदे करून दर आपल्याकडे ओढणं अवघड जातं. दीडच्या सुमारास तो जाहीर होतो. तेव्हा १५ जानेवारीचा मुंबईचा दर आणि १५ जानेवारीचा फ्रँकफर्टचा दर, तारीख एकच असली तरी, सहा-सात तासांच्या अंतराने मोजलेले आहेत.

तारखेचाच घोळ पुढे आणखी वाढतो. युरोपियन सेंट्रल बँकेच्या फाइलमध्ये वेळेच्या जागी तारीख तेवढी असते:

```
<Cube time='2025-01-15'>
```

तास नाही, मिनिट नाही. एखादा प्रोग्रामर ही तारीख जावास्क्रिप्टला देतो:

```
new Date("2025-01-15")
```

नुसती तारीख मिळाली की जावास्क्रिप्ट ती यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, मध्यरात्र धरते. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे पुण्यातल्या फोनवर दराखाली छापलं जातं “१५ जानेवारी, सकाळी ५:३०”. प्रत्यक्षात तो दर संध्याकाळी ६:४०चा आहे. कुणी सकाळी साडेपाचचा बाजारभाव शोधून ताडून पाहिला, तर आकडे जुळणारच नाहीत. न्यू जर्सीतल्या एखाद्या नातेवाइकाला तोच दर १४ जानेवारीच्या संध्याकाळी सातचा दिसेल, म्हणजे एक दिवस आधीचा. दर पुण्यात आणि न्यू जर्सीत एकच आहे. वेळ संकेतस्थळाने स्वतः तयार केली आहे. म्हणून भारतातून पाहताना दराखाली बरोबर ५:३० दिसलं, तर त्या वेळेवर विसंबू नका. बहुतेक वेळा ती तारखेवरून बनवलेली असते.

[पडद्यावर: कॅलेंडर.]

पानाचा दर कुठून येतो हे लिहिलेलं नसेल, तर सुट्ट्यांवरून ओळखता येतं. १५ ऑगस्ट कामाच्या वारी आला, तर मुंबईचा संदर्भ दर येत नाही, फ्रँकफर्टचा येतो. २६ डिसेंबरला फ्रँकफर्ट बंद, मुंबई मात्र एरवीसारखी चालू. १ मेला दोन्हीकडे सुट्टी: तिथे कामगार दिन, इथे महाराष्ट्र दिनही. त्या दिवशी जो आकडा हलतो, तो चालू बाजारातून येतोय. शनिवार-रविवार जवळपास सगळेच आकडे थांबतात, कारण चालू बाजाराचाही आठवडा शुक्रवारी न्यूयॉर्कच्या संध्याकाळी पाचला संपतो. आपल्याकडे तेव्हा शनिवार उजाडायचा असतो, उन्हाळ्यात रात्रीचे अडीच, हिवाळ्यात साडेतीन.

सगळाच फरक वेळेचा नसतो. बँक किंवा पैसे पाठवणारी कंपनी दरात आपला हिस्सा धरते. हे दोन फरक वेगळे करण्यासाठी काही दिवस दोन्ही दर लिहून ठेवा. वेळेमुळे पडणारा फरक कधी वर, कधी खाली जातो. बाजार चढला तर जुना दर स्वस्त दिसतो, उतरला तर महाग. हिस्सा असेल तर युरो घेताना तो दर नेहमी महागच असतो आणि फरकाची टक्केवारी साधारण तेवढीच राहते.

नोंदी ठेवताना मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लक्ष असू द्या. ३० मार्च २०२५ला युरोपची घड्याळं तासभर पुढे गेली. तिथून ऑक्टोबरअखेरपर्यंत फ्रँकफर्टचा दर आपल्या ५:४०ला ठरतो आणि साडेसातला जाहीर होतो. उन्हाळ्यात रात्री आठला दिसणारा दर त्याच दिवसाचा असतो. हिवाळ्यात त्याच पानावर, त्याच आठ वाजता, आदल्या दिवसाचा.