सेवेस कायमचा असमर्थ

(दृश्य: टेबलावर उघडी सेवापुस्तिका, शेजारी पगारपत्रक)

मूळ वेतन ३२,३०० रुपये. या महिन्यात हातात आलं त्याच्या निम्म्याच्या हिशेबाने. केंद्र सरकारच्या एका खात्यातला हा कर सहायक आठ वर्षं दोन महिने नोकरीत आहे. मणक्याच्या दुखापतीनंतर त्याला खुर्चीत तासभरही बसवत नाही, म्हणून तो अर्धपगारी रजेवर आहे. घरात एकच धास्ती: पेन्शनही या अर्ध्या पगारावरच बसणार का?

नाही. पण त्याआधी एक कागद नीट समजून घ्यायला हवा.

कायमच्या असमर्थतेमुळे मिळणाऱ्या रुग्णता निवृत्तिवेतनासाठी अर्ज कार्यालयप्रमुखाकडे करायचा. तिथून आजाराची आणि उपचारांची माहिती घेऊन प्रकरण सक्षम सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जातं. परस्पर दवाखान्यातून आणलेला दाखला इथे चालत नाही. ‘पुढील सेवेस कायमचा असमर्थ’ असं प्रमाणपत्र मिळालं, की विलंब न लावता कार्यमुक्त करतात. रजेवर असाल तर रजा संपेल त्या दिवशी.

आणि म्हणूनच घाई नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० सांगतं, की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही. त्याच वेतनावर दुसरं झेपणारं काम द्यायचं, ते नसेल तर जादा पद निर्माण करायचं. ही वाट कार्यालय आपणहून दाखवेलच, असं धरून चालू नका. आपल्या कर सहायकाने विचारली, विचार केला आणि निवृत्तीच निवडली.

(दृश्य: कोऱ्या कागदावर पेनाने मांडलेला हिशेब)

आता आकडा. रजेत पगार निम्मा मिळाला तरी पेन्शनसाठी पूर्ण मूळ वेतनच धरतात. शेवटचं वेतन किंवा शेवटच्या दहा महिन्यांची सरासरी, यांत फायद्याचं असेल ते. ३२,३०० चे ५० टक्के, म्हणजे महिना १६,१५० रुपये, वर महागाई दिलासा.

सेवा दहा वर्षांची नाही, तरीही? होय. जानेवारी २०१९ पूर्वी त्याची एकरकमी ग्रॅच्युइटीवर बोळवण झाली असती. त्या महिन्यातल्या दुरुस्तीने रुग्णता निवृत्तीपुरती दहा वर्षांची अट गेली. नेमणुकीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत तो योग्य ठरलेला असला की पुरे.

तो मुळात एनपीएसमधला, म्हणजे वर्गणीवर चालणाऱ्या नव्या पेन्शन योजनेतला. पण ‘मृत्यू किंवा असमर्थता आल्यास जुन्या नियमांनी लाभ’ हा पर्याय त्याने भरून दिला होता. त्यामुळे सरकारचा हिस्सा सरकारजमा होईल, त्याची स्वतःची वर्गणी वाढीसह त्याला परत मिळेल. शिवाय निवृत्ती ग्रॅच्युइटी: दर पूर्ण सहामाहीला पगाराचा चौथा हिस्सा. त्याच्या सोळा सहामाह्या, म्हणजे महागाई भत्त्यासह चार महिन्यांचा पगार.

पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घ्यायचे असतील, तर मात्र पुन्हा डॉक्टरांसमोर उभं राहावं लागतं. वयोमानाने निवृत्त झालेल्याने वर्षाच्या आत अर्ज केला तर ही तपासणी नसते. याला चुकत नाही.