देवाचा आवाज की बापाचा?

नमस्कार, श्रोतेहो. बी.ए.ला मानसशास्त्र किंवा तत्त्वज्ञान घेतलेल्या सोलापूर, बार्शी, पंढरपूरकडच्या विद्यार्थ्यांना धार्मिक अनुभवावर निबंध लिहावा लागतो. नेहमीचा साचा ठरलेला असतो: एक पान जेम्स, एक पान फ्रॉइड, अर्धे पान युंग आणि शेवटी ‘सर्वांच्या म्हणण्यात तथ्य आहे’. अशा उत्तरात सिद्धांत कामाला लागलेला कुठेच दिसत नाही. म्हणून आज एकच अनुभव घेऊ आणि तो मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड आणि अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स या दोघांपुढे ठेवू.

हा अनुभव एका अमेरिकन डॉक्टरचा आहे. १९२७ साली फ्रॉइडची एक मुलाखत छापून आली. तिच्यात त्याने श्रद्धेबद्दल आणि मरणोत्तर जीवनाबद्दल आपली उदासीनता बोलून दाखवली होती. ती वाचून या डॉक्टरने त्याला पत्र लिहिले. वैद्यकीची पदवी घेतली त्या वर्षी शवविच्छेदनाच्या खोलीत त्याला एका वृद्धेचे प्रेत टेबलाकडे नेताना दिसले. चेहरा अतिशय गोड, मायाळू. त्याच्या मनात आले, देव असता तर त्याने या बाईला इथे येऊ दिले नसते. घरी जाऊन त्याने चर्च सोडायचे ठरवले. ख्रिस्ती धर्माबद्दल त्याला आधीपासूनच शंका होत्या. विचार करत बसला असताना आतून आवाज आला: जे करायला निघाला आहेस त्याचा नीट विचार कर. पुढच्या काही दिवसांत बायबल हे देवाचे वचन आहे याची त्याला पूर्ण खात्री पटली. फ्रॉइडनेही प्रार्थना करून पाहावी, अशी विनंती त्याने केली. फ्रॉइडने सभ्यपणे उत्तर दिले आणि १९२८ साली या पत्रावर एक छोटा लेख लिहिला.

लेखातला पहिला प्रश्न अचूक आहे. जगात याहून भयंकर गोष्टी रोज घडतात, डॉक्टरला त्या माहीत असणारच. मग देवावरचा राग नेमका याच प्रेतापाशी का उसळला? फ्रॉइडचे उत्तर असे: वृद्धेच्या देहाने त्याला आईची आठवण करून दिली. लहान मुलाला आईची ओढ आणि बापाचा मत्सर वाटतो, याला तो ईडिपस गंड म्हणतो; त्यातली आईची ओढ जागी झाली आणि तिच्या पाठोपाठ बापाविषयीचा संतापही. बाप आणि देव मनात फार दूर नसतात, म्हणून बापाला हटवण्याची इच्छा ‘देव नाही’ या शंकेचे रूप घेते. मग दटावणारा आवाज येतो आणि मुलगा शरण जातो. बंड, दटावणी, शरणागती असा हा क्रम आहे. फ्रॉइडचे बळ इथे दिसते. हाच प्रसंग का, भावना इतकी तीव्र का, आणि शेवट शरणागतीत का, या तिन्ही प्रश्नांना तो एकाच धाग्याने उत्तर देतो.

आता कच्चा दुवा. त्या वृद्धेचा चेहरा आईसारखा होता, असे पत्रात कुठेच नाही. फ्रॉइडने हे प्रकरण एका सहकाऱ्याला सांगताना ते आपल्या पदरचे घातले आणि लेखात तशी कबुलीही दिली. डॉक्टरशी त्याची भेट नाही, त्याच्या बालपणाची माहिती नाही, हाती फक्त एक पत्र. शिवाय समजा, डॉक्टरने चर्च कायमचे सोडले असते, तर? तेव्हाही हाच सिद्धांत म्हणाला असता की बापाविरुद्धचे बंड यशस्वी झाले. श्रद्धा आली तरी ईडिपस, गेली तरी ईडिपस. विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याचा मनोविश्लेषणावरचा आक्षेप हाच होता: कोणत्या निरीक्षणाने सिद्धांत खोटा ठरेल, हे आधी सांगता येत नाही. निबंधात ‘पॉपरने टीका केली’ एवढेच लिहून थांबू नका. दोन्ही शेवट मांडून दाखवा.

आणखी एक टीका आपल्या जिल्ह्यातच उभी आहे. फ्रॉइडचा देव म्हणजे मोठा केलेला बाप. पण वारकरी विठ्ठलाला माउली म्हणतो, विठाई म्हणतो. सोलापुरात रूपाभवानी आहे, शेजारी तुळजापूरची भवानी आहे. १९१३ च्या ‘टोटेम अँड टॅबू’ या पुस्तकात फ्रॉइडने स्वतःच मान्य केले की, आपल्या मांडणीत मातृदेवतांना जागा कुठे द्यायची हे आपल्याला सांगता येत नाही. आक्षेप त्याच्याच कबुलीवर उभा असल्याने त्याला वजन येते. मात्र एवढ्याने संपूर्ण सिद्धांत कोसळला असे लिहू नका. पालकांची छाया देवावर पडते हा भाग शिल्लक राहतो. कोसळतो तो फक्त बापाचा एकाधिकार.

सर्वात जास्त गुण जातात ते मात्र दुसऱ्याच चुकीने: ‘फ्रॉइडने देव खोटा ठरवला.’ १९२७ च्या ‘द फ्यूचर ऑफ ॲन इल्यूजन’ या पुस्तकात तो श्रद्धेला इल्यूजन म्हणतो, आणि त्याचा अर्थ तिथेच देतो: इच्छेतून जन्मलेला समज. असा समज खोटाच असेल असे नाही. समजाचा उगम सांगितला म्हणून त्याचे खरेखोटेपण ठरत नाही. फ्रॉइड हे जाणतो, तरी पुढे त्याच्या लिखाणाचा कल नकाराकडेच असतो. ही ओढाताण दाखवली, तर परीक्षकाला कळते की तुम्ही मूळ मांडणी वाचली आहे.

विल्यम जेम्सने हेच प्रकरण कसे वाचले असते? धार्मिक अनुभवावरची त्याची एडिंबरोतली व्याख्याने १९०२ साली ग्रंथरूपात आली. गूढानुभवाच्या त्याने चार खुणा सांगितल्या: शब्दांत न मावणे, काहीतरी ज्ञान झाल्याची खात्री, अल्पकाळ टिकणे आणि आपण काही करत नसून आपल्याला घडवले जात असल्याची भावना. डॉक्टरच्या अनुभवाला त्या लावून पाहा. खात्री आहे. आवाज आपोआप आला, म्हणजे चौथी खूणही आहे. पण तो काय म्हणाला हे डॉक्टर सरळ शब्दांत सांगतो, म्हणून पहिली खूण बसत नाही. तिसरी अर्धवट बसते, कारण आवाज क्षणाचा असला तरी खात्री काही दिवसांत पक्की होत गेली. म्हणून हा अनुभव जेम्सच्या मनःपरिवर्तनाच्या व्याख्यानांत अधिक नीट बसतो. तिथे तो म्हणतो की, अकस्मात वाटणारा बदल जाणिवेच्या कडेखाली बराच काळ पिकत असतो. डॉक्टरच्या आधीपासूनच्या शंका याला जुळतात.

जेम्स उगमावरून निकाल देत नाही. फळ पाहा, म्हणतो: माणसाचे जगणे कसे बदलले? गूढानुभव ज्याला आला त्याच्यावर अधिकार गाजवू शकतो, बाहेरच्याला तो मानण्याचे बंधन नाही. ही सावध भूमिका मला फ्रॉइडपेक्षा जास्त पटते. पण तिची किंमत आहे. जेम्सची सामग्री मुख्यतः लिहून ठेवलेली आत्मकथने आहेत, तीही तीव्र अनुभवांची. शिवाय धर्म म्हणजे एकांतातल्या व्यक्तीचा अनुभव, अशी व्याख्या घेतली की आषाढीला दिंडीबरोबर चालणाऱ्याचा अनुभव हातातून निसटतो. तिथे टाळ, अभंग, सोबतची पावले हे सगळे अनुभवाचा भाग असते.

निबंधाला तिसरा कोन हवा असेल, तर जोडणीचा, म्हणजे अटॅचमेंटचा सिद्धांत घ्या. लहानपणी पालकाशी जडलेले सुरक्षित किंवा असुरक्षित नाते पुढे देवाशी असलेल्या नात्यात कसे उतरते, हे कर्कपॅट्रिक आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली प्रश्नावलीने तपासले. पालकांची छाया हा फ्रॉइडचाच धागा, पण इथे अंदाज आधी बांधता येतो आणि तो चुकूही शकतो. आईलाही जागा मिळते. दुबळी बाजू अशी की मोठी माणसे आपले बालपण आठवून उत्तरे देतात, आणि नुकतीच श्रद्धा मिळालेला माणूस आपले आईबापही वेगळ्याच नजरेने आठवत असेल.